एक रुग्ण, दोन उतारे: पीसीसीची पहाट आणि प्रोटामिनची रात्र

(ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही तपशील बदलले आहेत. वेळा आणि मात्रा मात्र तशाच ठेवल्या आहेत, कारण लेख त्यांच्याबद्दलच आहे.)

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी रुग्णवाहिका आमच्या दारात लागली. आत शेतकरी घरातल्या ४६ वर्षांच्या बाई, वजन ५० किलो. पहाटे साडेचारला गोठ्यात जायला उठल्या तेव्हा डोकं फुटेल असं दुखायला लागलं, दोन उलट्या झाल्या आणि चहाचा कप उजव्या हातातून निसटला. नऊ वर्षांपूर्वी रुमॅटिक आजाराने खराब झालेली हृदयाची मायट्रल झडप बदलून धातूची बसवलेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू.

नवरा एक पिशवी छातीशी धरून उभा होता. पिशवीत एक वही, गोळ्यांच्या पट्ट्या आणि सीटीची फिल्म. वहीत दर महिन्याचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याचा आकडा, निळ्या शाईत लिहिलेला: २.८, ३.१, २.६, ३.३. अशी वही लाखात एखाद्याकडे असते. शेवटची नोंद पाच आठवड्यांपूर्वीची. रक्त पातळ ठेवायच्या गोळीची पट्टी असिनोकूमरॉलची, दोन मिलिग्रॅमची. तिच्याखाली बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलची पट्टी निघाली, १५० मिलिग्रॅमची, जवळजवळ रिकामी.

"ही कशासाठी?"

"गजकर्ण उठलंय तिला, साहेब. मेडिकलवाल्याने दिली. रोज एक, पंधरा दिवस."

कारण तिथेच कळलं. यकृतातलं जे एन्झाइम असिनोकूमरॉलचा निचरा करतं, तेच फ्लुकोनॅझोल अडवतं. गोळी रोजचीच, मात्रा रोजचीच, पण शरीरातून बाहेर जायची वाट बंद. दहा-बारा दिवसांत आयएनआर कुठे पोहोचला असेल याचा अंदाज होता, आकडा मात्र हातात नव्हता. तालुक्याच्या ठिकाणी सीटी झाला होता, आयएनआर झाला नव्हता. सीटीत डाव्या पॅरायटल भागात रक्ताची गाठ, लांबी-रुंदी-उंची गुणून दोनाने भागलं की साधारण १८ मिलिलिटर. बाई हाक मारली की डोळे उघडत होत्या, शब्द अडखळत होते.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम, स्नायूत, सकाळी ५.५०.

त्या डॉक्टरांवर मी रागावलो नाही. उतारा द्यायचा हे त्यांना सुचलं, हेच बऱ्याच ठिकाणी सुचत नाही. पण त्या एका ओळीत दोन चुका आहेत. रक्त इतकं पातळ असलेल्या माणसाच्या कुल्ल्यात सुई खुपसली की तिथेच नवा रक्तस्राव सुरू होतो. दुसऱ्या दिवशी बाईंच्या उजव्या कुल्ल्यावर लिंबाएवढी कडक, निळी गाठ आली. शिवाय स्नायूतून औषध किती आणि कधी शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून ते इंजेक्शन मी हिशेबात धरलंच नाही. १० मिलिग्रॅम पुन्हा दिलं, या वेळी शिरेतून, ५० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून अर्ध्या तासात. व्हिटॅमिन के झटक्यात ढकललं तर क्वचित रक्तदाब कोसळतो, ॲनाफायलॅक्सिससारखा प्रकार होतो, म्हणून सावकाश.

तरी खरा प्रश्न व्हिटॅमिन के सोडवत नाही. यकृत गोठण्याचे चार घटक, म्हणजे क्रमांक २, ७, ९ आणि १०, तयार करतं आणि शेवटी त्यांना कॅल्शियमला पकडायचा आकडा बसवतं. हा आकडा बसवायला व्हिटॅमिन के लागतं. असिनोकूमरॉलने ते काम थांबवलं, की घटक रक्तात फिरतात पण बिनआकड्याचे. कुठे अडकत नाहीत. शिरेतून व्हिटॅमिन के दिलं की आकडे पुन्हा बसू लागतात, पण नवे घटक तयार होऊन पुरेसे साठायला चार ते सहा तास लागतात आणि पूर्ण परिणामाला त्याहून बरेच जास्त. मेंदूतली गाठ तेवढे तास थांबत नाही. ज्यांचं रक्त पातळ आहे त्यांच्यात ती पहिल्या काही तासांतच वाढत राहते, आणि सुरुवातीच्या १८ मिलिलिटरपेक्षा ही वाढच माणसाला जास्त घातक ठरते.

म्हणून तयार घटकच बाहेरून द्यायचे. त्याचे दोन मार्ग आहेत: एफएफपी, म्हणजे गोठवून ठेवलेला प्लाझ्मा, आणि पीसीसी, म्हणजे तेच चार घटक आटवून पावडर करून कुपीत भरलेले.

प्लाझ्मा स्वस्त, आणि जिथे रक्तपेढी आहे तिथे मिळतो, म्हणून आपल्याकडे हात आधी त्याच्याकडे जातो. या बाईंचा हिशेब करून पाहा. किलोला १५ मिलिलिटर धरले तर ७५० मिलिलिटर. रक्तगट तपासायचा, पिशव्या ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायच्या, त्यात अर्धा-पाऊण तास जातो, वॉर्डबॉय जाऊन येईतो आणखी वीस मिनिटं. मग पाऊण लिटर द्रव अशा हृदयात ओतायचा, ज्याची मायट्रल बाजू आधीच दुखावलेली आहे. फुप्फुसात पाणी भरायची पूर्ण शक्यता. आणि एवढं करून आयएनआर हवा तितका खाली येईलच असं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या इंच नावाच्या चाचणीत मेंदूत रक्तस्राव झालेल्या अशाच रुग्णांना एकीकडे प्लाझ्मा आणि एकीकडे पीसीसी दिलं होतं. तीन तासांत आयएनआर १.२ किंवा खाली आला तो प्लाझ्मा गटात ९ टक्के रुग्णांचा आणि पीसीसी गटात ६७ टक्के रुग्णांचा. चाचणी लहान होती, जेमतेम पन्नास रुग्णांची, पण फरक असा की वाद घालायला जागा उरत नाही.

आमच्या आयसीयूच्या फ्रिजमध्ये पीसीसीच्या तीन कुप्या होत्या, प्रत्येकी ५०० युनिट. त्या कशा आल्या ती एक वेगळी कहाणी आहे. महाग औषध, मुदत संपली की तोटा, म्हणून औषधविभाग साठवायला तयार नसतो. दोन वर्षं भांडल्यावर तीन कुप्या मंजूर झाल्या होत्या.

मात्रा आयएनआरवर ठरते: २ ते ४ असेल तर किलोला २५ युनिट, ४ ते ६ असेल तर ३५, त्याच्या वर ५०. लॅबचा आकडा यायला पाऊण तास. निवासी डॉक्टर म्हणाला, "सर, रिपोर्ट आला की सोडतो." इथेच बहुतेक ठिकाणी वेळ सांडतो, आणि तो सांडायचं कारण नसतं. ५० किलोच्या माणसाला सगळ्यांत खालच्या पायरीची मात्रा १२५० युनिट, म्हणजे तीन कुप्यांच्या आत. वही सांगते की बाई गोळी नेमाने घेतात. फ्लुकोनॅझोलची पट्टी सांगते की आयएनआर वरच असणार. मग पहिल्या तीन कुप्या कुठल्याही आकड्याला लागणारच आहेत. त्या आत्ता द्यायच्या. आकडा येईल तेव्हा चौथी-पाचवी ठरवायची. रक्ताचा नमुना तेवढा आधी काढून ठेवायचा.

८ वाजून २७ मिनिटांना पहिली कुपी सुरू झाली. दारात आल्यापासून सतरा मिनिटं. ती आणखी लवकर झाली असती, पण पीसीसी विरघळवायला ज्याने कधी हात लावलेला नसतो तो कुपी खोकल्याच्या बाटलीसारखी हलवतो. फेस होतो, आणि फेसातलं औषध सिरिंजमध्ये येत नाही. आमच्या जुन्या सिस्टरनी कुपी दोन्ही तळव्यांत धरून कापसाची वात वळावी तशी हळूहळू फिरवली. द्राव काचेसारखा स्वच्छ झाला, मग दुसरी. प्रत्येक कुपीत २० मिलिलिटर. तिन्ही मिळून ६० मिलिलिटर, पाऊण लिटरच्या जागी. ८.५२ ला संपल्या. त्याच वेळी दुसऱ्या पंपावर व्हिटॅमिन के चालू होतं आणि लॅबेटालॉल देऊन वरचा रक्तदाब १९० वरून १४० च्या आसपास आणला होता.

९.०५ ला लॅबचा फोन आला. आधीच्या नमुन्याचा आयएनआर ८.४. म्हणजे वरची पायरी: २५०० युनिट, पाच कुप्या. दोन कमी. नवरा जावयाला मोटारसायकलवर शहरातल्या दुसऱ्या दुकानात पाठवून मोकळा झाला होता. मी विचारायच्या आत.

९.१० चा नमुना १.७ आला. ८.४ वरून १.७, अर्ध्या तासाच्या ओतण्यात. ९.४० ला पुन्हा सीटी केला: गाठ १८ वरून २७ मिलिलिटर. ही वाढ कधी झाली हे छातीठोक सांगता येत नाही, पण बहुतेक साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान, म्हणजे मुख्यतः रुग्णवाहिकेच्या प्रवासात. उरलेल्या दोन कुप्या ९.५० ला आल्या. १०.२० च्या नमुन्याचा आयएनआर १.२. चोवीस तासांनंतरच्या सीटीत गाठ २८ मिलिलिटर, म्हणजे थांबलेली.

जर्मनीतल्या मोठ्या नोंदसंग्रहातून २०१५ साली निघालेला निष्कर्ष असा आहे की दाखल झाल्यापासून चार तासांत आयएनआर १.३ च्या खाली आणि वरचा रक्तदाब १६० च्या खाली आला, तर गाठ वाढायचं प्रमाण कमी राहतं. त्या हिशेबाने आम्ही वेळेत होतो. पण तो हिशेब दवाखान्याच्या दारापासून मोजतो. या बाईंचं घड्याळ साडेचारला गोठ्याच्या वाटेवर सुरू झालं होतं, आणि त्यातले चार तास पीसीसीविना गेले.

एक शंका नेहमी येते: पीसीसीने आयएनआर उतरतोच, तर व्हिटॅमिन के कशाला? कारण बाहेरून दिलेल्या घटकांपैकी सातवा साधारण सहा तासांत निम्मा होतो. व्हिटॅमिन के दिलं नसेल तर संध्याकाळपर्यंत तो संपत येतो, यकृत अजून बिनआकड्याचाच माल काढत असतं, आणि आयएनआर पुन्हा चढतो. दोन्हींचं काम वेगळं: पीसीसी दुपारपर्यंत वेळ काढतं, तोवर व्हिटॅमिन के कारखाना चालू करतं. संध्याकाळी सहाला आयएनआर १.२ होता, दुसऱ्या सकाळीही तेवढाच.

धातूची झडप असताना १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन के द्यावं का, यावर आमच्याच राउंडला कुजबुज झाली. ती रास्त होती. एवढ्या मात्रेने पुढचा आठवडाभर तरी गोळी लागू पडत नाही, आणि उघड्या पडलेल्या मायट्रल झडपेवर गुठळी बसू शकते. नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येत असतं तर मी १-२ मिलिग्रॅमवर थांबलो असतो. मेंदूतल्या रक्तस्रावात ती काटकसर परवडत नाही. झडपेचा धोका दिवसांत मोजायचा असतो, गाठीचा मिनिटांत.

नववा दिवस. बाई जागं राहून बोलत होत्या, उजव्या हाताने चमचा धरत होत्या. सीटीत गाठ फिकट होऊ लागली होती. झडपेला आणखी वाट पाहायला लावणं बरं नव्हतं. शिरेतून साधं हेपरिन सुरू करायचं ठरलं. कारण सरळ आहे: बंद केलं की तास-दीड तासात निम्मं होतं, आणि त्याचा उतारा कपाटात असतो. सुरुवातीचा मोठा डोस नाही, किलोला तासाला १२ युनिट, म्हणजे तासाला ६००. सिरिंजमध्ये ५० मिलिलिटरला ५००० युनिट, पंप ताशी ६ मिलिलिटरवर. हेपरिनचा परिणाम मोजणारी एपीटीटी चाचणी दर सहा तासांनी.

रात्री साडेआठला ड्यूटी बदलली, नवी सिरिंज भरली गेली. साडेदहाला सिस्टरला दिसलं की जुन्या सलाइनच्या जागी चिकटपट्टीखालून रक्त झिरपतंय आणि दाबलं तरी थांबत नाही. तिने पंपाकडे पाहिलं, दर बरोबर होता. मग तिने ट्रेमधली रिकामी कुपी उचलून उजेडात धरली.

आपल्याकडे हेपरिनची पाच मिलिलिटरची कुपी दोन ताकदींत येते. एकीत मिलिलिटरला १०००, म्हणजे कुपीत ५००० युनिट. दुसरीत मिलिलिटरला ५०००, म्हणजे कुपीत २५,०००. आकार तोच, झाकण जवळपास तसंच, आणि अक्षरं मुंगीएवढी. ट्रेमधली कुपी २५,००० ची होती. ६०० च्या जागी दोन तास ताशी ३००० युनिट जात होते.

सिस्टरनी पंप बंद करून मला फोन केला, या क्रमाने. हा क्रम महत्त्वाचा. हेपरिन बंद करणं हा उताऱ्याचा अर्धा भाग, आणि किरकोळ रक्तस्रावात कित्येकदा तेवढ्यावर भागतं. पण नऊ दिवसांपूर्वीची मेंदूतली गाठ, आणि मात्रा जास्त असली की हेपरिन उतरायलाही जास्त वेळ घेतं. नमुना लॅबला गेला. एपीटीटी १८० सेकंदांच्या वर, यंत्र मोजायचं थांबलं.

प्रोटामिनचा हिशेब कागदावर मांडला. १ मिलिग्रॅम प्रोटामिन साधारण १०० युनिट हेपरिन बांधतं. हेपरिनवर तीव्र ऋण भार, प्रोटामिनवर तीव्र धन भार; दोन्ही रक्तातच एकमेकांना चिकटून निकामी होतात. यकृताने काही बनवायची वाट बघावी लागत नाही, म्हणून परिणाम पाच मिनिटांत. गेल्या तासात गेलेले ३००० युनिट म्हणजे ३० मिलिग्रॅम. त्याआधीच्या तासातले ३००० आतापर्यंत निम्मे उरले असतील, त्यांचे १५. गेल्या तासातलंही थोडं उतरलेलंच, म्हणून ४५ ऐवजी ४० धरले. इथे "थोडं जास्तच देऊ" असं म्हणायचं नसतं. बांधायला हेपरिन उरलं नाही की जादा प्रोटामिन स्वतःच रक्त गोठू देत नाही. एका वेळी ५० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही.

देण्याआधी नवऱ्याला तीन प्रश्न विचारले: बाईंनी कधी इन्सुलिन घेतलंय का, माशाची ॲलर्जी आहे का, झडपेच्या ऑपरेशनच्या वेळी काही त्रास झाला होता का. प्रोटामिन मूळचं सामन माशाच्या वीर्यातून काढतात. एनपीएच इन्सुलिनमध्येही ते असतं. आणि झडपेच्या ऑपरेशनमध्ये प्रत्येकाला ते मिळालेलं असतं, म्हणजे बाईंचं शरीर त्याला एकदा भेटलेलं होतं. अशा माणसात रक्तदाब एकदम कोसळू शकतो, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळू शकतात. अॅड्रिनॅलिन भरून बाजूला ठेवलं आणि ४० मिलिग्रॅम सलाइनमध्ये मिसळून पंधरा मिनिटांत सोडलं. रक्तदाब ११८ वरून १०४ झाला, थोडा वेळ थांबलो, पुन्हा चालू केलं. संपल्यावर पंधरा मिनिटांनी एपीटीटी ३८. चिकटपट्टीखालचं झिरपणं थांबलं होतं. मध्यरात्रीच्या सीटीत गाठ होती तेवढीच.

नवऱ्याला मी रात्रीच सगळं सांगितलं: कुठली कुपी, किती पट, किती वेळ. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग विचारलं, "आता तरी बरोबर बाटली आहे ना?" दुसऱ्या दिवशी २५,००० च्या कुप्या वॉर्डातून उचलून औषधविभागात परत गेल्या.

त्याच आठवड्यात तालुक्याच्या त्या डॉक्टरांचा फोन आला. ७४ वर्षांचे आजोबा, डोक्याला मार, रक्त पातळ करायची गोळी चालू. "सर, या वेळी व्हिटॅमिन के शिरेतून देतोय." मी विचारलं, गोळी कुठली? पट्टी बघून म्हणाले, डॅबिगॅट्रान. मग व्हिटॅमिन के सोडून द्या, म्हटलं. डॅबिगॅट्रान थेट थ्रॉम्बिनवर बसतं, त्याला व्हिटॅमिन केशी देणंघेणं नाही, आणि प्लाझ्मानेही ते हलत नाही. त्याचा खास उतारा इडारुसिझुमॅब, अडीच-अडीच ग्रॅमच्या दोन कुप्या, एकूण ५ ग्रॅम, लागोपाठ. ते डॅबिगॅट्रानला थ्रॉम्बिनपेक्षा कितीतरी घट्ट पकडतं आणि काही मिनिटांत काम करतं. ते मिळालं नाही तर पीसीसी आणि, मूत्रपिंडावाटे जाणारं औषध असल्यामुळे, डायलिसिसचा विचार. पट्टी रिव्हारॉक्सॅबॅन किंवा ॲपिक्सॅबॅनची असती तर आमच्यासारख्या ठिकाणी पीसीसीच, किलोला ५० युनिट किंवा सरसकट २०००. शेवटची गोळी दोन-चार तासांतली असेल तर सोबत तोंडाने ॲक्टिव्हेटेड कोळसा. या तिन्ही गोळ्यांत आयएनआर जवळपास नॉर्मल येऊ शकतो, म्हणून "आयएनआर १.१ आहे, म्हणजे रक्त पातळ नाही" हे वाक्य फार महागात पडतं. शेवटची गोळी किती वाजता घेतली, हा प्रश्न तिथे लॅबच्या आकड्यापेक्षा जास्त सांगतो.

आमच्या बाईंना या नव्या गोळ्या देता येत नाहीत. धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे २०१२ साली अर्ध्यावर थांबवावी लागली होती. पुन्हा असिनोकूमरॉलच. ते चौदाव्या दिवशी हेपरिनच्या सोबतीने सुरू केलं, आणि आयएनआर २.५ ला पोहोचायला एकविसावा दिवस उजाडला. मगच हेपरिनचा पंप काढला.

घरी जाताना त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: बुरशीची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नाही. ते वाचून बाईंनी डाव्या हाताने पदर बाजूला सारून कमरेवरचा लाल चट्टा दाखवला.

"पण डॉक्टर, हे गजकर्ण तर आहे तसंच आहे. ह्याला काय लावू?"

टर्बिनाफिनचं मलम लिहून दिलं. फक्त लावायचं, चार आठवडे.